शिलाईचे दर वाढवताना: एका शिंपीकामाच्या दुकानाचे प्रकरण

हे प्रकरण एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांचे आहे. गिऱ्हाइके त्यांना 'मास्टर' म्हणतात, म्हणून इथेही त्यांना मास्टरच म्हटले आहे. त्यांचा हिशेब लिहून देण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढील बऱ्याचशा गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत आणि उरलेल्या त्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. ओळख पटू नये म्हणून प्रत्यक्ष रकमा दिलेल्या नाहीत. दरवाढीपूर्वीची एका शर्टाची शिलाई १०० धरली आहे आणि बाकीचे सगळे आकडे त्या प्रमाणात मांडले आहेत. पँट, कुडता वगैरे कपडेही शर्टाच्या हिशेबात बसवून मोजले आहेत.

पार्श्वभूमी

मास्टरांच्या दुकानात दोन कारागीर नगावर मजुरी घेऊन शिवतात. माप घेणे, कापड बेतणे, पहिल्या फिटिंगला खडूने खुणा करणे आणि शेवटचा हात फिरवणे ही कामे मास्टर स्वतः करतात. काज बाहेरून करून आणले जातात. महिन्याला सरासरी ९० कपडे तयार होतात आणि त्यांतले साधारण ६० जुन्या गिऱ्हाइकांचे असतात. मापवहीत अशी ६४ घरे आहेत, ज्यांच्यापैकी कोणी ना कोणी गेल्या दोन वर्षांत कापड घेऊन आलेले आहे. काही पानांवर तर बापाचे माप वर आणि मुलाचे खाली, असे एकाच पानावर दोन पिढ्यांचे आकडे लिहिलेले आहेत.

शिलाईचा दर गेली चार वर्षे बदललेला नव्हता. त्यामागे काही धोरण होते असे नाही. दर वर्षी बोलायची वेळ आली की समोर कोणीतरी ओळखीचे उभे असे आणि विषय पुढे ढकलला जाई. एकदा तर नव्या दराची पाटी लिहून तयार होती, पण ती कपाटामागे उलटी ठेवून दिली गेली. ती मी स्वतः पाहिली आहे, आणि तिच्यावरचे दर आता तेही जुने झालेले आहेत.

अडचण कशी पुढे आली

दोघांपैकी वयाने मोठ्या कारागिराला दुसरीकडून बोलावणे आले. तो शर्टाची कॉलर इतकी नेटकी वळवतो की टोकांना इस्त्रीचा आधार द्यावा लागत नाही, आणि तो गेला असता तर जुन्या गिऱ्हाइकांना फरक पहिल्याच कपड्यात जाणवला असता. त्याने आडपडदा न ठेवता विचारले, "मास्टर, वाढवता का मी जाऊ?" मास्टरांनी त्याच संध्याकाळी मजुरी वाढवली, आणि मग घरी जाऊन विचार करत बसले की ही वाढ आणायची कुठून.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न दर किती वाढवावा हा नव्हता. त्यांचा प्रश्न होता, "निम्मे लोक गेले तर मी काय करू?" मी त्यांना निम्मे हा आकडा कुठून आला ते विचारले, तर उत्तर मिळाले नाही. गिऱ्हाइके जाण्याची भीती खरी होती, पण तिचा आकडा अंदाजाचा होता. म्हणून आम्ही आधी हिशेबाची वही उघडली.

हिशेबात काय निघाले

चार वर्षांपूर्वी एका शर्टाच्या १०० मधून कारागिराची मजुरी ४५, दोरा, बटणे, कॉलर ताठ ठेवणारे बकरम मिळून ९, काजाचे ५ आणि भाडे-विजेचा वाटा १६ जात असे. मास्टरांना २५ उरत. आता मजुरी ५८ झाली, सामान १२, काज ६ आणि भाडे-विजेचा वाटा १९. बेरीज ९५ होते, म्हणजे मास्टरांच्या बेतण्याला, मापाला, फिटिंगला आणि दुकान सांभाळण्याला मिळून ५ उरत होते. महिन्याचे ९० कपडे धरले तर अवघे ४५०. घरखर्च वाढलेला असल्याने त्यांना शर्टामागे किमान ३०, म्हणजे महिन्याला २७०० हवे होते. त्यासाठी दर १२५ पाहिजे होता.

इथपर्यंतचे गणित कोणीही करेल. दुसरे गणित मात्र मास्टरांनी कधी केलेले नव्हते, आणि त्यांच्या भीतीचे उत्तर त्यातच होते. भाडे आणि वीज हा खर्च कपडे कमी झाले म्हणून फारसा कमी होत नाही. तो महिन्याला १७१० ठरलेला आहे. कपडा आला नाही तर वाचतात ते मजुरी, सामान आणि काज यांचे ७६. म्हणून जुन्या दरात एक कपडा भाडे भरायला आणि मास्टरांसाठी मिळून २४ देत होता. दर १२५ केला तर तोच कपडा ४९ देतो. याचा अर्थ असा की ९० कपड्यांऐवजी ४५ कपडे आले तरी मास्टरांच्या हाती पडणारी रक्कम आहे त्याहून कमी होत नाही.

हे त्यांना दोनदा समजावून सांगावे लागले. पटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण पंचेचाळीस कपड्यांवर दोन कारागीर कसे टिकतील?" हा प्रश्न माझ्या हिशेबात नव्हता, आणि तो माझ्या गणितापेक्षा मोलाचा होता. नगावर काम करणाऱ्या माणसाला दुकानाच्या नफ्याशी कर्तव्य नसते, त्याला महिन्याला पुरेसे नग लागतात. दोघांना टिकवायचे तर प्रत्येकी ३२ तरी कपडे हवेत असे मास्टरांचे म्हणणे पडले. त्यामुळे खरी खालची मर्यादा ६४ कपड्यांची ठरली. निम्मे लोक गेले असते तर मास्टर बुडाले नसते, पण एक कारागीर गेला असता आणि मग उरलेल्या निम्म्यांचे काम वेळेवर झाले नसते.

आणखी एक गोष्ट मी एका आठवड्याच्या नोंदीतून काढली. मास्टरांना सहा दिवस कामाची वेळ लिहायला सांगितली होती. एकूण ५४ तासांपैकी ११ तास जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीत गेले होते आणि त्यातला एकही तास पैशात मोजलेला नव्हता. कंबर सैल करणे, बाह्या आखूड करणे, चेन बदलणे, भावाचा शर्ट भावाच्या मापाला आणणे. "जुने लोक आहेत, त्यांच्याकडून याचे काय घ्यायचे" असे उत्तर होते. यातले सुमारे ३ तास दुकानाच्या स्वतःच्या चुकांचे होते, म्हणजे फिटिंग नीट न बसल्याने परत आलेले कपडे. उरलेले ८ तास माणसांची अंगे बदलल्याचे आणि मर्जी बदलल्याचे होते. शिलाईचा दर हा गळतीचा एक भाग होता, आणि ही दुसरी गळती तितकीच मोठी असून तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

कोणते पर्याय तोलले

सगळ्यात आधी मास्टरांनी जो मार्ग धरला तो त्यांनी मला सांगितलाच नव्हता. मी वहीतून तो शोधला. दर तोच ठेवून सामान स्वस्त घ्यायचे, असा तो मार्ग. त्यांनी कॉलरसाठी इस्त्रीने चिकटवायचे हलके बकरम आणले, ज्यात शर्टामागे २ वाचत होते. तीन आठवड्यांत असे १४ शर्ट गेले. त्यातले ४ दोन-तीन धुण्यांनंतर परत आले, कारण कॉलरवर फुगे उठले होते. बकरमाचा चिकट थर हलक्या दर्जाचा असला, किंवा इस्त्रीचा ताप आणि दाब पुरेसा नसला, की पाणी लागल्यावर तो जागोजागी सुटतो आणि वरचे कापड ढिले पडून फुगते. नुसती इस्त्री फिरवून हे फार काळ दबत नाही. कॉलरपट्टी गळ्याच्या शिवणीतून उसवावी लागते, कॉलर उलटी करून जुने बकरम काढावे लागते, नवे घालून टोके पुन्हा काढावी लागतात आणि मग कॉलर गळ्यावर अशी बसवावी लागते की जुन्या टाक्यांची भोके दिसू नयेत. एका शर्टाला मास्टरांचा पाऊण तासाहून जास्त वेळ गेला आणि कारागिराला वर १५ द्यावे लागले. वाचले १४ शर्टांचे २८, गेले चार शर्टांचे ६०, आणि मास्टरांचा वेळ वेगळाच. शिवणीतली माया कमी सोडणे किंवा इंचाला १२ ऐवजी ९ टाके घालणे, हेही त्यांच्या मनात येऊन गेले होते. कॉलरच्या अनुभवानंतर ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

दुसरा पर्याय भावनेला सगळ्यात जवळचा होता: जुन्यांना जुना दर, नव्यांना नवा. मास्टरांचा ओढा इकडेच होता आणि मी त्याला विरोध केला. ९० पैकी ६० कपडे जुन्यांचे असतील, तर महिन्याला जे २२५० जास्त हवे आहेत ते सगळे उरलेल्या ३० कपड्यांवर टाकावे लागतील. म्हणजे नव्या माणसाला शर्टामागे १७५ सांगावे लागतील. इतक्या दराला नवा माणूस दुसऱ्यांदा यायचा नाही, आणि जुने लोक तर दर वर्षी थोडे थोडे कमीच होत असतात. शिवाय मापाच्या टेबलाशी जुना आणि नवा माणूस शेजारी शेजारी उभे असले, तर दोन दर लपून राहत नाहीत. नात्यातला माणूस जुन्या गिऱ्हाइकाच्या नावावर कापड पाठवतो, हेही मास्टरांना चांगले ठाऊक होते.

दोन टप्प्यांत वाढ करावी, आता १२ आणि सहा महिन्यांनी १३, असाही विचार झाला. ऐकायला ते सौम्य वाटते. मात्र मास्टरांच्या स्वभावाकडे पाहता दुसरा टप्पा कपाटामागच्या पाटीसारखा राहून जाईल असे मला वाटले, आणि मी तसे बोलून दाखवले. ते हसले, पण त्यांनी नाही म्हटले नाही.

काय ठरले

शेवटी शर्टाचा दर ११८ ठरला. १२५ का नाही, याचे सरळ उत्तर असे की १२५ हा आकडा मास्टरांच्या तोंडून सहज निघत नव्हता. आरशासमोर उभे राहून त्यांनी तो म्हणून पाहिला होता, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले. उरलेली तूट दुसऱ्या बाजूने भरायचे ठरले. चौकडी कापडात खिसा आणि पुढची पट्टी जुळवून बेतायला वेळ जास्त लागतो, त्याची वेगळी रक्कम ठेवली. दुरुस्तीचा नियम केला: कपडा नेल्यापासून महिन्याच्या आत फिटिंगची तक्रार आली तर काम मोफत, त्यानंतरच्या किंवा मर्जीनुसार केलेल्या बदलाला प्रत्येकी १५. दुकानाची चूक कोणती आणि अंगातला बदल कोणता, हे वादाशिवाय ठरावे म्हणून मापवहीत प्रत्येक मापाशेजारी तारीख लिहायला सुरुवात झाली. आधी तारीख नसे, फक्त माप खोडून वर नवे लिहिलेले असे.

पाटी एक महिना आधी लावायची आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून घेतलेल्या कामाला नवा दर, असे ठरले. जुन्या माणसांना मास्टरांनी स्वतः सांगायचे, आणि तेही कापड हातात घेण्याच्या वेळी. कात्री लागल्यावर गिऱ्हाइकाला कापड परत नेता येत नाही, त्यामुळे तेव्हा सांगितलेला दर त्याला अडवणूक वाटते.

कार्यवाही आणि तिच्यातले अवघड प्रसंग

पाटी लागण्यापूर्वी मी मास्टरांना एक काम सांगितले. मापवही चाळून, कोण जाईल असे वाटते त्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहा, असे. त्यांनी १२ घरे लिहिली. ती चिठ्ठी मी ठेवून घेतली.

पहिला प्रसंग एका निवृत्त शिक्षकांचा. ते पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, आणि चिठ्ठीवर त्यांचे नाव सगळ्यात वर होते. त्यांनी पाटी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"मास्टर, हे एकदम एवढे?"

"सर, चार वर्षांनी वाढवले आहेत."

"चार वर्षांत माझे पेन्शन किती वाढले ते विचारा."

मास्टरांनी ठरवलेले सगळे मुद्दे, मजुरी, सामान, भाडे, त्या क्षणी विसरले. ते म्हणाले, "सर, कारागीर जायला निघाला होता. तुमची कॉलर तोच करतो." शिक्षकांनी शर्टाच्या कॉलरला हात लावून पाहिला, काही बोलले नाहीत, आणि दोन शर्टांचे कापड ठेवून गेले. जाताना मात्र त्यांनी बाकावर बसलेल्या दुसऱ्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात महागाईवर भाष्य केले. मास्टर त्या दिवशी मला म्हणाले की सर आता येणार नाहीत. सर पुढेही आले आणि प्रत्येक वेळी तक्रार करत आले.

दुसरा प्रसंग चुकीचा होता आणि ती चूक मास्टरांची होती. नव्या दराच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात एका बाईंनी घरातल्या तिघांचे कपडे टाकले होते. पावतीवर दर लिहिलेला नव्हता, कारण जुन्या माणसांच्या पावतीवर तो लिहिण्याची पद्धतच नव्हती. कपडे तयार झाले तोपर्यंत तारीख उलटून गेली होती. मास्टरांनी सवयीने पाटीकडे पाहून नव्या दराने बेरीज सांगितली. बाईंनी शांतपणे पैसे दिले, कपडे घेतले, आणि ते घर पुन्हा आले नाही. मास्टरांच्या ही चूक रात्री वही लिहिताना लक्षात आली. फरकाची रक्कम घेऊन दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या दारात गेले. बाईंनी पैसे परत घेतले, चहा विचारला, पण कापड काही पुढे आले नाही.

तिसरा प्रसंग कोणा एका माणसाचा नव्हता. पाटी महिनाभर आधी लावल्याने लोकांनी महिनाभर कापड आणून टाकले. त्या महिन्यात ९० च्या जागी १२८ कपडे आले. मास्टर आधी खूश झाले. मग कारागिरांना रात्री थांबवावे लागले, तयार कपड्यांच्या तारखा चुकू लागल्या, आणि "उद्या या" हे वाक्य दिवसातून दहा वेळा निघू लागले. जास्तीच्या ३८ कपड्यांवर प्रत्येकी १८, म्हणजे ६८४ एवढी रक्कम जुन्या दरात सुटली. त्याहून मोठे नुकसान तारखा चुकल्याचे झाले, जे पुढे आकड्यांत दिसले.

परत फिरण्याचा क्षण

नव्या दराच्या पहिल्या महिन्यात ५२ कपडे आले. विसाव्या दिवशी दुकान दुपारभर रिकामे होते. लहान कारागीर मशीनला तेल घालून, बॉबिन भरून, शेवटी रिकाम्या कापडावर टाके मारत बसला होता. मास्टरांनी मला बोलावून घेतले आणि सांगितले की ते उद्यापासून दर १०५ करणार आहेत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात निर्णायक क्षण हाच होता.

आम्ही दोन आकडे पाहिले. पहिला, मागच्या महिन्याचे १२८ आणि या महिन्याचे ५२ मिळून १८० होतात, म्हणजे बरोबर दोन नेहमीचे महिने. लोक गेले असे त्यावरून म्हणता येत नव्हते, त्यांनी काम आधीच टाकून ठेवले होते एवढेच दिसत होते. दुसरा आकडा मास्टरांना जास्त भिडला. नव्या दरात एक कपडा ४२ देतो, ५२ कपड्यांचे २१८४ झाले, त्यातून भाडे-वीज १७१० वजा जाता ४७४ उरले. नेहमीच्या भरलेल्या महिन्यात ९० कपडे शिवून त्यांना ४५० उरत होते. म्हणजे ज्या महिन्याने त्यांची झोप उडवली, त्या महिन्यातही हाती २४ जास्तच आले होते.

प्रश्न उरला कारागिरांचा. प्रत्येकी ३२ कपडे हवेत तिथे २६ आले होते. मास्टरांनी लहान कारागिराला उचल दिली, आणि मोठ्याला सांगितले की दोन महिने पाहू. दर ११८ वरच राहिला. त्या दिवशी हिशेबाची वही हाताशी नसती तर तो राहिला नसता, असे मला वाटते, आणि एकदा खाली आणलेला दर वर्षभर तरी वर नेता आला नसता.

परिणाम

त्यापुढच्या चार महिन्यांत अनुक्रमे ७१, ७८, ७६ आणि ७९ कपडे आले. सरासरी ७६. कारागिरांची ६४ ची मर्यादा राखली गेली आणि मोठा कारागीर टिकला. मास्टरांना शिलाईतून महिन्याला सरासरी १४८२ उरू लागले आणि दुरुस्तीचे सुमारे ३७५ त्यात मिळाले. एकूण १८५७. आधीच्या चौपट, पण हव्या असलेल्या २७०० पासून बरेच दूर. दुरुस्तीचे तास ११ वरून ६ वर आले. यात दुकानाच्या चुकांचे ३ तास तसेच आहेत, कारण दर वाढवल्याने फिटिंग सुधारत नाही.

सहा महिन्यांनी आम्ही मापवहीतली ६४ घरे पुन्हा तपासली. ४८ घरे नव्या दरात कापड घेऊन आली होती. ७ घरे नक्की गेली होती. ९ घरांचे काही सांगता येत नव्हते, कारण त्यांचे येणे आधीही वर्षातून एखाद्या वेळचेच होते.

मग मी ती चिठ्ठी काढली. मास्टरांनी लिहिलेल्या १२ घरांपैकी ९ परत आली होती, एकाचे कळले नव्हते, आणि गेलेल्या ७ घरांपैकी फक्त २ त्या चिठ्ठीवर होती. मास्टरांनी चिठ्ठीवर ज्यांची नावे घातली होती ते बहुतेक घासाघीस करणारे, कुरकुर करणारे, बाकावर बसून गप्पा मारणारे लोक होते. त्यांची तक्रार ऐकण्याची मास्टरांना सवय होती, म्हणून भीती वाटली तेव्हा आधी तेच चेहरे डोळ्यांपुढे आले. गेलेल्या ७ पैकी ३ घरे दर परवडत नाही म्हणून गेली, एक घर पावतीच्या चुकीमुळे गेले, आणि ३ घरे त्या गर्दीच्या महिन्यात कपडे वेळेवर न मिळाल्याने गेली. या शेवटच्या चार घरांनी दराबद्दल कधी अवाक्षर काढले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पूर्वसूचना एक महिन्याची नको होती. दहा दिवस पुरले असते, आणि जुन्या दरात एका घराचे दोनच कपडे घेऊ असे पाटीवर लिहायला हवे होते. मुदत मोठी ठेवण्याचा आग्रह माझा होता, गिऱ्हाइकांना वेळ मिळावा म्हणून. तीन घरे गेली त्यात माझा वाटा आहे. नेहमी कामाची ओढ कमी असते असा महिना निवडला असता, तर उतावळी गर्दीही कमी झाली असती.

पावतीवर दर आणि काम घेतल्याची तारीख या दोन गोष्टी पाटी लावण्याच्या आदल्या दिवसापासूनच लिहायला हव्या होत्या. आता लिहिल्या जातात. जुन्या माणसांना त्या लिहून देणे मास्टरांना सुरुवातीला परकेपणाचे वाटे, पण त्यावर कोणी तक्रार केलेली नाही.

दर ११८ ठेवावा की १२५, यावर आमचे अजून एकमत नाही. जी तीन घरे दरामुळे गेली ती ११८ लाही गेली, म्हणजे १२५ ला फार तर आणखी एखादे गेले असते असे माझे मत आहे. ७६ कपड्यांवर त्या ७ चे महिन्याला ५३२ होतात. मास्टरांचे म्हणणे असे की १२५ सांगताना त्यांचा आवाज चाचरला असता आणि समोरच्याने तो ओळखला असता. ते टेबलामागे उभे असतात, मी नसतो, त्यामुळे हा मुद्दा मी सोडून दिला.

वर्षभराने पुढची वाढ करायची ठरली आहे. पाटी या वेळी मी लिहून दिली नाही, मास्टरांनीच लिहिली. ती दहा दिवसांच्या मुदतीची आहे, आकडा १२६ आहे, आणि खाली छोट्या अक्षरांत दोन कपड्यांची अट आहे. सध्या ती कपाटामागे आहे, पण सरळ ठेवलेली आहे.